तापलेल्या मुलाला पॅरासिटामॉल किती द्यावे: वजनानुसार तक्ता, दोन मात्रांमधील अंतर आणि दिवसाची मर्यादा

मुलाला ताप आला की औषधाच्या दुकानात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: "किती चमचे द्यायचं?" या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर नाही. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वयावर किंवा चमच्यांवर ठरत नाही. ती मुलाचे वजन आणि हातातल्या बाटलीतल्या औषधाची तीव्रता या दोन गोष्टींवर ठरते. सोलापुरातल्या कोणत्याही मेडिकलमध्ये लहान मुलांचे पॅरासिटामॉल किमान तीन तीव्रतांमध्ये मिळते. त्यांची खोकी सारखी दिसतात, चवही साधारण सारखी असते, पण सर्वांत सौम्य आणि सर्वांत तीव्र औषधात चौपटीहून अधिक अंतर असते. म्हणून एका बाटलीसाठी बरोबर असलेले पाच मिलिलिटर दुसऱ्या बाटलीतून दिले तर अपुरे पडू शकतात किंवा धोकादायक ठरू शकतात. या लेखात वजनावरून मिलिग्रॅम आणि मिलिग्रॅमवरून मिलिलिटर कसे काढायचे, तसेच दिवसभराचा हिशेब कसा ठेवायचा, हे क्रमाने सांगितले आहे.

आधी हे पाहा: घरी औषध द्यावे की थेट डॉक्टरांकडे जावे

बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि अंग तापलेले असेल, तर पुढचा तक्ता त्याच्यासाठी नाही. एवढ्या लहान बाळाच्या तापामागे रक्तातला किंवा मेंदूभोवतीचा संसर्ग असू शकतो, आणि पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवला तर तो ओळखायला उशीर होतो. थर्मामीटर काखेत धरल्यावर पारा ९९.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर रात्र असली तरी बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सिव्हिलमध्ये न्यावे. पाच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ, कावीळ किंवा यकृताचा आजार असलेले मूल, तीव्र कुपोषित मूल आणि क्षयरोगाची किंवा फिट्सची औषधे चालू असलेले मूल यांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये. अशा मुलांच्या यकृताला एरवी चालणारी मात्राही जड जाऊ शकते.

इतर मुलांच्या बाबतीत ताप आहे एवढ्यावरून औषध द्यावेच लागते असे नाही. १०० अंश ताप असूनही मूल खेळत असेल आणि पाणी पीत असेल, तर त्याला पॅरासिटामॉलची गरज नसते. औषधाचा हेतू मुलाचा त्रास कमी करणे हा आहे: अंगदुखी, किरकिर, दूध नको म्हणणे, झोप न लागणे. थर्मामीटरचा आकडा ९८.६ वर आणणे हा तो हेतू नव्हे. साधारणपणे ताप १०१ च्या पुढे गेला आणि मूल अस्वस्थ दिसू लागले की औषध द्यावे. तापात येणाऱ्या झटक्यांच्या भीतीने अनेक पालक ताप चढण्याआधीच मात्रा देतात. मात्र पॅरासिटामॉल झटके टाळू शकत नाही, हे आता नीट माहीत झाले आहे. त्यामुळे त्या भीतीने मात्रा वाढवण्यात काहीही फायदा नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. उन्हात खेळून किंवा पत्र्याच्या खोलीतून उठून आलेल्या मुलाचे अंग गरम लागणे म्हणजे ताप नव्हे. त्याला अर्धा तास सावलीत बसवून पाणी द्यावे आणि मग थर्मामीटर लावावा. याउलट रणरणत्या उन्हात राहिलेले मूल भोवंडले, बरळू लागले किंवा बेशुद्ध झाले आणि त्याचे अंग भट्टीसारखे तापलेले असेल, तर तो उष्माघात आहे. उष्माघातात पॅरासिटामॉल काम करत नाही. अशा वेळी कपडे सैल करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पहिली पायरी: आजचे वजन

"तीन वर्षांची आहे" ही माहिती मात्रा ठरवायला पुरत नाही, कारण तीन वर्षांची दोन मुले दहा किलोची आणि सोळा किलोची असू शकतात. मूल अंगणवाडीत जात असेल तर ताई दर महिन्याला त्याचे वजन घेतात आणि ते माता-बाल संरक्षण पुस्तिकेत किंवा अंगणवाडीच्या नोंदवहीत सापडते. गेल्या दोन-तीन महिन्यांतली नोंद चालेल. नोंद नसेल तर घरच्या वजनकाट्यावर मोठ्या माणसाने आधी एकट्याने उभे राहावे, नंतर मुलाला कडेवर घेऊन उभे राहावे आणि दोन आकड्यांमधला फरक घ्यावा. वजन अर्ध्या किलोने इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. मात्र अंदाज करायचाच असेल तर तो नेहमी कमी बाजूचा करावा.

दुसरी पायरी: बाटलीवरची एक ओळ वाचा

खोक्यावरचे मोठ्या अक्षरातले नाव आणि चित्र बाजूला ठेवून बाटलीवर घटकांची बारीक ओळ शोधावी. ती इंग्रजीत असते आणि तिचा अर्थ असा असतो: प्रत्येक ५ मि.ली.मध्ये पॅरासिटामॉल आय.पी. इतके मिलिग्रॅम. या ओळीत तीनपैकी एक प्रकार दिसेल.

ड्रॉप्सची छोटी, ड्रॉपर असलेली बाटली असेल तर बहुधा "प्रत्येक १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ." असे लिहिलेले असते. साध्या सिरपवर "५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ." किंवा "१२५ मि.ग्रॅ." असते. ज्याला दुकानात "डीएस" किंवा नुसते "अडीचशे" म्हणतात, त्या तीव्र सिरपवर "५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ." असते, काही कंपन्यांच्या बाटलीवर तो आकडा २४० असतो. एका मिलिलिटरमागे पाहिले तर साध्या सिरपमध्ये २४, तीव्र सिरपमध्ये ५० आणि ड्रॉप्समध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. बाळाचे म्हणून ड्रॉप्स सौम्य असतील असे अनेकांना वाटते, पण तेच सर्वांत तीव्र असतात. बाळाला थोड्या थेंबांत पूर्ण मात्रा जावी म्हणून ते तसे बनवलेले असतात.

याच ओळीच्या आसपास पॅरासिटामॉलशिवाय दुसऱ्या औषधाचे नाव आहे का, तेही पाहावे. असेल तर ती बाटली या लेखातल्या तक्त्यासाठी नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे.

तिसरी पायरी: तक्त्यातून मात्रा काढा

एका वेळची मात्रा मुलाच्या दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम असते. दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम ही मान्य मर्यादा आहे, म्हणून मोजायला सोपे जावे यासाठी खालचे आकडे जिथे तिथे थोडे खालच्या बाजूला आणले आहेत. मुलाचे वजन दोन ओळींच्या मध्ये येत असेल तर कमी वजनाची ओळ धरावी. आपल्या बाटलीवर जो आकडा आहे, फक्त त्याच रकान्यात पाहावे.

| वजन | एका वेळची मात्रा | ड्रॉप्स (१ मि.ली.त १०० मि.ग्रॅ.) | साधे सिरप (५ मि.ली.त १२० मि.ग्रॅ.) | तीव्र सिरप (५ मि.ली.त २५० मि.ग्रॅ.) | २४ तासांत कमाल |
|---|---|---|---|---|---|
| ५ किलो | ७५ मि.ग्रॅ. | ०.७ मि.ली. | ३ मि.ली. | देऊ नये | ३०० मि.ग्रॅ. |
| ६ किलो | ९० मि.ग्रॅ. | ०.९ मि.ली. | ३.५ मि.ली. | देऊ नये | ३६० मि.ग्रॅ. |
| ८ किलो | १२० मि.ग्रॅ. | १.२ मि.ली. | ५ मि.ली. | देऊ नये | ४८० मि.ग्रॅ. |
| १० किलो | १५० मि.ग्रॅ. | १.५ मि.ली. | ६ मि.ली. | ३ मि.ली. | ६०० मि.ग्रॅ. |
| १२ किलो | १८० मि.ग्रॅ. | १.८ मि.ली. | ७.५ मि.ली. | ३.५ मि.ली. | ७२० मि.ग्रॅ. |
| १५ किलो | २२५ मि.ग्रॅ. | नको | ९ मि.ली. | ४.५ मि.ली. | ९०० मि.ग्रॅ. |
| १८ किलो | २७० मि.ग्रॅ. | नको | ११ मि.ली. | ५ मि.ली. | १०८० मि.ग्रॅ. |
| २० किलो | ३०० मि.ग्रॅ. | नको | १२.५ मि.ली. | ६ मि.ली. | १२०० मि.ग्रॅ. |
| २५ किलो | ३७५ मि.ग्रॅ. | नको | १५.५ मि.ली. | ७.५ मि.ली. | १५०० मि.ग्रॅ. |
| ३० किलो | ४५० मि.ग्रॅ. | नको | १८.५ मि.ली. | ९ मि.ली. | १८०० मि.ग्रॅ. |

दहा किलोच्या आतल्या मुलांसाठी तीव्र सिरपच्या रकान्यात मी मुद्दाम "देऊ नये" लिहिले आहे. गणिताने तिथेही आकडा निघतो, पण एवढ्या कमी मापात एका मिलिलिटरची चूक झाली तरी ५० मिलिग्रॅमचा फरक पडतो, आणि सहा किलोच्या बाळासाठी ती निम्म्याहून जास्त मात्रा झाली. तीच चूक साध्या सिरपने झाली तर फरक २४ मिलिग्रॅमचाच पडतो. ड्रॉप्सला त्यांच्या बाटलीचाच खुणा असलेला ड्रॉपर असतो, म्हणून लहान बाळासाठी ते चालतात. मात्र त्या ड्रॉपरने दुसरे कोणतेही सिरप मोजू नये. साध्या सिरपवर १२० ऐवजी १२५ असेल तर तोच रकाना वापरावा आणि मात्रा अर्धा मि.ली. कमी धरावी.

तेहतीस किलोच्या पुढच्या, गोळी गिळता येणाऱ्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी एका वेळी चालते. घरात मोठ्यांसाठी असलेली ६५० ची गोळी मोडून लहान मुलाला देऊ नये. तिचे तुकडे सारखे होत नाहीत, आणि पाव गोळीत किती औषध गेले ते कोणालाच सांगता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

विडी घरकुलातल्या एका घरी तीन वर्षांची मुलगी आहे, असे समजू. अंगणवाडीच्या नोंदीप्रमाणे तिचे वजन १२ किलो आहे. संध्याकाळी तिला १०२ ताप आहे, ती कण्हत आहे आणि जेवत नाही. घरात साध्या सिरपची बाटली आहे आणि तिच्यावर ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ. लिहिलेले आहे. बारा गुणिले पंधरा म्हणजे १८० मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये २४ मिलिग्रॅम असल्याने १८० भागिले २४ म्हणजे ७.५ मि.ली. तक्त्यातही हाच आकडा आहे. संध्याकाळी सात वाजता ही मात्रा दिली जाते.

दुसऱ्या दिवशी बाटली संपते. वडील मेडिकलमधून "तापाचं औषध" म्हणून नवी बाटली आणतात, आणि ती निघते २५० ची. घरात सगळ्यांच्या लक्षात "साडेसात" हा आकडा बसलेला आहे. त्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर दिले तर मुलीच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम जातात, म्हणजे दर किलोमागे ३१ मिलिग्रॅम. ही एका वेळच्या मात्रेच्या दुपटीहून जास्त आहे. दिवसातून चार वेळा असेच दिले तर १५०० मिलिग्रॅम होतात, तर तिची मर्यादा ७२० आहे. एकदा असे घडले तर बहुतेक वेळा नुकसान होत नाही. मात्र तापाने नीट न जेवणाऱ्या मुलीला दोन-तीन दिवस असेच देत राहिले, तर यकृताला इजा होण्याइतके औषध साचते. आणि तीच मुलगी मावशीकडे गेली, तिथे बाळाच्या ड्रॉप्समधून साडेसात मिलिलिटर दिले गेले, तर एकाच वेळी ७५० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण दिवसाच्या मर्यादेपेक्षाही जास्त औषध गेले.

उलटी चूकही होते. मागच्या आजारात डॉक्टरांनी २५० च्या बाटलीसाठी "साडेतीन मि.ली." लिहून दिलेले असते आणि या वेळी घरी १२० ची बाटली असते. साडेतीन मिलिलिटरमध्ये फक्त ८४ मिलिग्रॅम जातात, म्हणजे निम्म्याहून कमी. ताप उतरत नाही, "या औषधानं काही होत नाही" असे म्हटले जाते आणि मग घरातले कोणीतरी जास्त कडक औषध आणते. खरे तर औषध कमी पडले होते, निकामी नव्हते. म्हणून औषधचिठ्ठीवर किंवा फोनवर मात्रा विचारताना मिलिलिटरबरोबर मिलिग्रॅमही विचारावेत, आणि नवी बाटली घरात आली की तिच्या झाकणावर पट्टी चिकटवून त्या मुलाचा मिलिलिटरचा आकडा लिहून ठेवावा. जुन्या बाटलीची पट्टी नव्या बाटलीवर लावू नये.

चौथी पायरी: मोजणे आणि पाजणे

घरातला स्टीलचा चमचा हे माप नव्हे; एखाद्यात तीन मिलिलिटर मावतात तर एखाद्यात सात. बाटलीबरोबर आलेले खुणांचे झाकण पाच किंवा दहा मिलिलिटरसाठी ठीक असते, पण साडेतीन किंवा साडेसात मिलिलिटर त्यात अंदाजानेच भरले जातात. मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारी, खुणा असलेली सुईविना सिरिंज मला सर्वांत विश्वासाची वाटते. साडेसात मिलिलिटरसाठी दहाची सिरिंज घ्यावी. सिरिंजला सुई किंवा टोपण लावलेले असेल तर ते आधी काढून दूर ठेवावे, कारण ते टोपण मुलाच्या घशात अडकू शकते.

पॅरासिटामॉलचे बहुतेक बालसिरप हे द्रवात मिसळलेली बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. बाटली न हलवता ओतले तर सुरुवातीच्या मात्रा पातळ आणि शेवटच्या मात्रा कडक होतात. म्हणून दर वेळी बाटली नीट हलवावी. सिरिंजचे टोक गालाच्या आत ठेवून औषध हळूहळू सोडावे; मूल आडवे असताना किंवा रडत असताना घशात एकदम ओतू नये. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ते उलटून टाकले तर तीच मात्रा एकदा पुन्हा देता येते. त्यानंतर उलटी झाली तर पुढची वेळ येईपर्यंत थांबावे. दुसऱ्यांदाही उलटी झाली तर पुन्हा देत बसू नये, कारण पोटात किती राहिले हे कळत नाही; अशा मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात ही बाटली पत्र्याखालच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या जागी, पण मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ती ठेवावी. सिरप गोड असते, आणि मुलाला ते औषध आहे हे माहीत नसते.

पाचवी पायरी: अंतर आणि दिवसाची मर्यादा हे दोन वेगळे नियम आहेत

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. पहिला नियम असा की दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे, आणि सहा तासांचे असेल तर अधिक चांगले. दुसरा नियम असा की कोणत्याही २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत, म्हणजे दर किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. फक्त पहिला नियम पाळून दर चार तासांनी औषध देत राहिले तर दिवसात सहा मात्रा होतात, आणि मूल दर किलोमागे ९० मिलिग्रॅमवर पोहोचते. म्हणजे घड्याळ पाहून प्रत्येक मात्रा बरोबर दिलेली असूनही दिवसाची मर्यादा ओलांडली जाते.

हे २४ तास मध्यरात्री बारापासून मोजायचे नाहीत; ते पहिल्या मात्रेपासून मोजायचे. वरच्या उदाहरणातल्या मुलीला संध्याकाळी ७ वाजता पहिली मात्रा मिळाली. रात्री १२ वाजता ती तापाने उठून रडू लागली म्हणून दुसरी दिली, पहाटे ५ वाजता तिसरी आणि सकाळी ११ वाजता चौथी. आता संध्याकाळी ७ वाजेपर्यंत पाचवी मात्रा देता येणार नाही, मग दुपारी ४ वाजता ताप पुन्हा चढला तरी. त्या वेळी अंगावरचे कपडे हलके करणे, पंखा लावणे, पाणी, ताक, पेज किंवा ओआरएस थोडे थोडे देणे आणि हवे असल्यास कोमट पाण्याने अंग पुसणे एवढेच करावे. बर्फाचे किंवा गार पाणी वापरू नये. त्याने हुडहुडी भरते आणि आतले तापमान उलट वाढते. चार मात्रा संपूनही मूल सावरत नसेल, तर ते डॉक्टरांना दाखवण्याचे पुरेसे कारण आहे. पाचवी मात्रा हा त्यावरचा उपाय नाही. आणि मूल शांत झोपले असेल तर वेळ झाली म्हणून त्याला औषधासाठी उठवू नये.

औषधाचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि तो पूर्ण व्हायला दोन-तीन तास जातात. १०३ चा ताप १०१ वर आला आणि मूल थोडे हसू-खेळू लागले, तर औषधाने त्याचे काम केले आहे. अर्ध्या तासात आकडा उतरला नाही म्हणून "आणखी थोडे" देणे हा जास्त मात्रा जाण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

एकाच घरात औषध देणारे हात अनेक असतात. सकाळी आई कामाला जाते, दुपारी आजी सांभाळते, संध्याकाळी काका येतात, आणि प्रत्येकाला वाटते की अजून कोणी दिलेले नाही. यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात वेळ आणि मिलिलिटर लिहावेत, आणि लिहिल्याशिवाय कोणीही बाटली उघडू नये. बाहेर पडताना सून सासूला "आत्या, अकराला दिलंय, चार झाले, आता संध्याकाळी सातच्या आत देऊ नका" असे स्पष्ट सांगून गेली, तर पुढचा सगळा गोंधळ टळतो. दवाखान्यात मुलाला इंजेक्शन दिले किंवा गुदद्वारात ठेवायची वडी दिली, तर त्यात पॅरासिटामॉल होते का, हे तिथेच विचारावे. ती मात्राही याच हिशेबात धरायची असते.

दुसऱ्या बाटलीत लपलेले पॅरासिटामॉल

सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये नाक मोकळे करणाऱ्या औषधांबरोबर पॅरासिटामॉलही असते. तापासाठी एक बाटली आणि सर्दीसाठी दुसरी अशा दोन्ही चालू केल्या की मुलाला तेच औषध दोनदा जाते, आणि पालकांच्या हिशेबात ते एकदाच धरलेले असते. अशा सर्दीच्या मिश्रणांपैकी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन असलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. तापाचीही मिश्रणे मिळतात, ज्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड असते. घरच्या घरी ती देऊ नयेत.

यामागे सोलापुरात एक खास कारण आहे. शहरातल्या बऱ्याच भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून बॅरल, टाक्या, हौद भरून ठेवले जातात, आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर येणारा तीव्र ताप डेंग्यूचा असू शकतो. डेंग्यूत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड आणि अॅस्पिरिन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाचे निदान झालेले नसताना घरी फक्त पॅरासिटामॉल द्यावे, तेही मात्रेतच. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. ते घरात मोठ्यांसाठी आणलेले असले तरी मुलाला देऊ नये.

डेंग्यूत ताप उतरण्याची वेळच जास्त धोक्याची असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरला, पण मूल गळून गेले, पोट दुखू लागले, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडले किंवा हिरड्या-नाकातून रक्त आले, तर तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

घरचे औषध कधी थांबवावे

तीन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर पॅरासिटामॉलने तो दाबत राहू नये. मुलाची तपासणी करून घ्यावी. पुढील खुणा असतील तर तीन दिवसही थांबू नये: झटका येणे, मूल हाक मारूनही नीट जागे न होणे, श्वास जलद चालणे किंवा छाती आत ओढली जाणे, मान ताठ होणे, दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे डाग, काहीच न पिणे, आणि सहा-आठ तासांत लघवी न होणे.

जास्त मात्रा गेली तर

मुलाने बाटली तोंडाला लावून औषध पिऊन टाकले किंवा मोजण्यात मोठी चूक लक्षात आली, तर आधी हिशेब करावा. एका वेळी दर किलोमागे १५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेले असेल, तर ते विषबाधेइतके धोक्याचे आहे. १२ किलोच्या मुलासाठी ही मर्यादा १८०० मिलिग्रॅम येते. २५० च्या सिरपची ६० मिलिलिटरची भरलेली बाटली म्हणजे ३००० मिलिग्रॅम. तिच्यातले ३६ मिलिलिटर पोटात गेले तरी ही मर्यादा गाठली जाते. किती गेले हे कळत नसेल तर बाटलीत जेवढे कमी आहे तेवढे सगळे मुलाने प्यायले असे धरावे. सलग एक-दोन दिवस दिवसाला दर किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास जात असेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

इथे सर्वांत फसवी गोष्ट ही की सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसते. पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा एखादी उलटी होते, काही वेळा तीही होत नाही. यकृताची इजा दोन ते चार दिवसांनी वर येते: पोटाच्या उजव्या बाजूला दुखणे, कावीळ, गुंगी. तोवर उपचाराची सर्वांत चांगली वेळ निघून गेलेली असते. एन-अॅसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे आणि तो औषध गेल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत जास्त उपयोगी पडतो. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. बोटे घालून उलटी करवू नये, मिठाचे पाणी किंवा दूध पाजून वेळ घालवू नये. बाटली, तिचे खोके आणि औषध किती वाजता गेले याची नोंद बरोबर घ्यावी, १०८ ला फोन करावा किंवा थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जावे, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात मुलाचे वजन, बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा आणि किती मिलिलिटर गेले ते सांगावे.